क्लाउड गेमिंग की दणकट पीसी: आधी पिंग बघा

क्लाउड गेमिंग घ्यायचं म्हटलं की लोक आधी स्पीड विचारतात. पण जीफोर्स नाऊ या क्लाउड गेमिंग सेवेला १०८० पिक्सेल, ६० फ्रेमसाठी २५ एमबीपीएस पुरतात, आणि घरच्या फायबरवर तेवढा स्पीड बहुतेकदा असतोच. खरी अडचण लेटन्सीची, म्हणजेच पिंगची. सिग्नलला गेम चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला ८० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागायला हवा. ४० च्या आत असेल तर उत्तम.

घरच्या पीसीवर बटण दाबलं की सगळं टेबलावरच घडतं. क्लाउडमध्ये बटणाचा सिग्नल सर्व्हरकडे जातो, तिथे चित्र तयार होऊन व्हिडिओ बनतो आणि तो परत येऊन तुमच्याकडे उलगडतो. ६० फ्रेमला एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. म्हणजे पिंग ५० असेल तर नुसत्या रस्त्यातच तीन फ्रेम गेल्या. कोडी किंवा स्ट्रॅटेजी गेममध्ये हे जाणवत नाही, नेमबाजीत मात्र जीव जातो.

चित्र मधूनमधून अडखळत असेल तर आधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून स्वतःच्या राउटरला पिंग करा (पत्ता वेगळा असू शकतो):

```
ping -n 50 192.168.1.1
```

आकडा २ वरून मध्येच ६० वर उडत असेल तर दोष वाय-फायचा. लॅन केबल लावा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर जा. प्लॅन वाढवून काही होणार नाही.

लॅपटॉप जुना चालतो, फक्त त्यात हार्डवेअर व्हिडिओ डिकोडर हवा. डेटा मात्र तासाला ११ जीबीच्या आसपास जातो, त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉट विसरा. रोज स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्याने, माझ्या मते, पीसीच घ्यावा.