कटिंगमध्ये चारच दिवस जिम: पुश-पुल-लेग्ज की फुल बॉडी?

धरून चाला, वजन ८० किलो, आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरवायचं आहे आणि जिमला सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार एवढंच जमतं. फुल बॉडीत, म्हणजे दर वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम करण्यात, कॅलरी जास्त जळतात म्हणून ते निवडायचं, हे कारण आधी बाजूला ठेवा. तो फरक एका पोळीने भरून निघतो. कटिंगमध्ये, म्हणजे चरबी उतरवण्यासाठी कमी खाण्याच्या काळात, व्यायामाचं काम चरबी जाळणं हे नाही. आहे तो स्नायू टिकवून धरणं हे आहे. चरबीचा हिशोब ताटात होतो.

पुश-पुल-लेग्ज, म्हणजे एक दिवस ढकलण्याचे, एक दिवस ओढण्याचे आणि एक दिवस पायांचे व्यायाम, हा मुळात सहा दिवसांचा संसार. चार दिवसांत बसवलं की फेरा फिरत राहतो: पहिल्या आठवड्यात पुश दोनदा, दुसऱ्यात पुल दोनदा, तिसऱ्यात लेग्ज दोनदा. एका स्नायूची पाळी पाच-सहा दिवसांनी येते. हे वाईट नाही, पण खाडा झाला की महागात पडतं. गुरुवारी ऑफिसात अडकलात, लेग्ज बुडाले आणि तुम्ही तसेच पुढे सरकलात, तर आधीच्या शनिवारनंतर पाय थेट पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी, म्हणजे दहा दिवसांनी. (आणि बुडतो तो लेग्जचाच दिवस, हे काय सांगायला हवं?) फेरा पुढे ढकलून लेग्ज शनिवारी घेतले तर अंतर सात दिवसांवर येतं, तेवढी शिस्त मात्र पाळायला हवी. फुल बॉडीत गुरुवार बुडाला तरी पाय, छाती, पाठ सगळं शनिवारी होतंच.

दुसरा फरक सेटच्या दर्जाचा. छातीचे आठवड्याला दहा सेट हवे असतील तर पुशच्या एकेका दिवशी सात-आठ येतात. भरपेट खाण्याच्या दिवसांत ते निभतात. कटिंगमध्ये कार्ब कमी, झोपही थोडी बिघडलेली. सहाव्या सेटनंतर वजन उतरवावं लागतं आणि उरलेले सेट नुसते वहीत भरतात. फुल बॉडीत तेच दहा सेट तीन, दोन, तीन, दोन असे चार दिवसांत वाटले जातात आणि छाती दर वेळी ताजी असते.

माझ्या मते निर्णय करणारी गोष्ट मात्र तिसरी: स्नायू जातोय हे कळणार कसं? आरशावर विसंबू नका. कटिंगमध्ये माणूस सपाट दिसतोच. खरी खूण मुख्य लिफ्टच्या आकड्यात असते. फुल बॉडीत दर सोमवारी, रविवारच्या विश्रांतीनंतर, त्याच क्रमाने बेंच येतो. ८० किलोचे सहा रेप्स होत होते, एखाद्या सोमवारी पाच झाले, तर चिंता नको. सलग दोन सोमवार तीनच झाले तर खाण्यात रोजच्या दीड-दोनशे कॅलरी वाढवा किंवा सेट कमी करा. फिरत्या फेऱ्यात बेंच कधी सोमवारी, कधी शनिवारी, तर तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी, आदल्या दिवशीच्या लेग्जनंतर येतो. त्या दिवशी रेप्स घटले तर दोष डाएटचा की स्क्वॉटचा, सांगता येत नाही.

फुल बॉडीची फजिती दुसरीकडे होते: लोक चारही दिवस जड स्क्वॉट नाहीतर डेडलिफ्ट घालतात आणि तिसऱ्या आठवड्यात कंबर धरते. सोमवार-मंगळवार लागोपाठ आहेत, म्हणून सोमवारी स्क्वॉट, तर मंगळवारी पायांना फक्त लेग कर्ल. गुरुवारी रोमानियन डेडलिफ्ट, शनिवारी लेग प्रेस. दिवसाला अकरा-बारा सेट पुरे, एखाद-दोन रेप्स हातात राखून. सेट कमी वाटतात? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विशी-पस्तिशीतल्या लोकांनी आधीच्या एक-नवमांश सेटवर बत्तीस आठवडे स्नायू टिकवला होता. ते कटिंगवर नव्हते, शिवाय साठीपुढच्यांना ते जमलं नाही. तरी टिकवायला बनवण्यापेक्षा बरंच कमी लागतं एवढं त्यातून दिसतं.

मग पुश-पुल-लेग्ज कोणी ठेवावं? ज्याचा स्क्वॉट दीडशे किलोच्या पुढे आहे आणि वॉर्मअपलाच वीस मिनिटं जातात, त्याला एका दिवशी तीन जड लिफ्ट परवडत नाहीत. ज्याचा गुडघा स्क्वॉटनंतर चार दिवस कुरकुरतो, त्यानेही. आणि संध्याकाळी सातला जिममध्ये जाणाऱ्याने: रॅक, बेंच आणि केबल तिन्ही एकाच तासात मिळवणं म्हणजे लोकलमध्ये खिडकी मिळवणं. पुशच्या दिवशी एक बेंच आणि डंबेलची जोडी मिळाली तरी काम भागतं.

बाकीच्यांनी फुल बॉडी घ्यावं. बदल मात्र कटिंग सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी, पोटभर खात असतानाच करा. नव्या क्रमाने अंग दुखायचं ते तेव्हाच दुखून घेईल आणि पहिल्या सोमवारचा बेंचचा आकडा वहीत खरा लिहिला जाईल.