दिवाळी सेल: महिनाभर सरसकट सूट, की ठरावीक खरेदीवर भेट?

तालुक्याच्या गावातलं साड्या आणि तयार कपड्यांचं दुकान डोळ्यासमोर ठेवून या दोन योजना ताडून पाहू. दिवाळी २०२६ ची, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला.

पहिली योजना सगळे करतात ती: ऑक्टोबर उजाडला की सगळ्या मालावर २० टक्के सूट. दुसरी: ३,००० रुपयांच्या खरेदीवर दुकानाला १५० ला पडलेली भेटवस्तू, तीही दसऱ्यापासूनच.

आधी गल्ल्याचा हिशोब. ७०० ला आणलेली साडी हजाराला विकली तर ३०० सुटतात. २० टक्के सूट दिली की उरतात १००. म्हणजे तेवढीच कमाई व्हायला एकाऐवजी तीन साड्या खपायला हव्यात. गिऱ्हाईक तिप्पट होणार आहे का? दुसऱ्या योजनेत ३,००० च्या बिलावर ९०० सुटतात, भेट वजा जाता ७५०. त्याच मालावर सरसकट सूट दिली तर हातात फक्त ३००.

३,००० हा आकडा मात्र हवेतून काढू नका. गेल्या दिवाळीचं सरासरी बिल २,४०० असेल, तर त्यात पाव भाग वाढवा. पहिल्या चार दिवसांत बहुतेक बिलं २,००० च्या आसपासच अडकली, तर मर्यादा जास्त झाली, ती २,५०० वर आणा.

वेळेचं म्हणाल तर १० ऑक्टोबरपर्यंत पितृपक्ष आहे. त्या दिवसांत बरेच लोक नवे कपडे घेत नाहीत, मग पहिल्या योजनेचे सुरुवातीचे दिवस जवळजवळ वायाच. दुसरीचे दोन टप्पे करा. २० ऑक्टोबरच्या दसऱ्यापासून आठवडाभर साड्या आणि शिवायचं कापड, कारण नंतर शिंपी ‘आता दिवाळीनंतरच’ म्हणतो आणि ब्लाउज अडला की साडीही अडते. १ नोव्हेंबरपासून तयार आणि मुलांचे कपडे. तेव्हा पगारही हातात असतो.

व्हॉट्सॲपवर जाहिरातीसाठी टाकायच्या चित्रांत पणत्या-फटाक्यांचं तयार डिझाइन कुणाचंही असू शकतं. त्यापेक्षा दुकानाच्या दारात, उजेडात, घडी उलगडून पदर दाखवणारा फोटो काढा आणि किंमत त्यावरच लिहा. ‘भाव काय?’ विचारणाऱ्यांना उत्तरं देण्यातच एरवी दिवस जातो.

रोज ब्रॉडकास्ट पाठवलं की लोक ब्लॉक करतात. दुसऱ्या योजनेत चारच पुरेत: १९, २५ आणि ३१ ऑक्टोबर, शेवटचं धनत्रयोदशीला, ६ नोव्हेंबरला. स्टेटसवर रोज दोन फोटो चालतील, ते बघणारा आपणहून बघतो. आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत व्हॉट्सॲपचं ब्रॉडकास्ट पोचतच नाही, तेव्हा बिल करतानाच तो सेव्ह करून घ्या.

माझा कौल दुसऱ्या योजनेला. सरसकट सूट एकाच ठिकाणी पटते: दोन दिवाळ्या कपाटात काढलेल्या मालावर. तो वेगळ्या टेबलावर मांडा, ३० टक्के सूट देऊन टाका, पण भेटवस्तूच्या हिशोबात धरू नका.