बँकेचे आणि सरकारी मेसेज साठवून ठेवतोय: SMS Backup & Restore काही महिने वापरल्यावर

आमच्या बेळगाव भागात बऱ्याच लोकांच्या पासबुकावर एक बँक आहे आणि शाखेच्या पाटीवर दुसरीच. १ एप्रिल २०१९ ला विजया बँक बडोद्यात गेली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला सिंडिकेट कॅनरात गेली आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. खेड्यापाड्यांत खाती असलेली धारवाडची विकास ग्रामीण बँकही १ मे २०२५ ला राज्याच्या एकाच ग्रामीण बँकेत मिसळली. नाव बदललं, आयएफएससी बदलला, काहींचे खाते नंबरही बदलले. जुन्या नावानं आलेले मेसेज मात्र फोनमध्ये तसेच पडून असतात, आणि फोन बदलला की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर जातात.

ते जाऊ नयेत म्हणून मी हे ॲप घातलं. काम साधं आहे. ठरवलेल्या वेळी ते सगळे एसएमएस एका एक्सएमएल फाईलमध्ये उतरवून काढतं आणि फोनमध्ये किंवा ड्राइव्हवर ठेवतं. फाईलचं नाव `sms-` नंतर तारीख आणि वेळ असं पडतं. फुकट आहे, जाहिराती दिसतात, तेवढं चालतं. बॅकअप घेण्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही. खरी मेहनत पुढं, हवा तो मेसेज शोधून काढण्यात आहे.

पहिली अडचण पाठवणाऱ्याच्या नावाची. बँकेचा मेसेज `VM-`, `AX-`, `JD-` अशा दोन अक्षरांनी सुरू होतो. पहिलं अक्षर मोबाईल कंपनीचं, दुसरं दूरसंचार विभागाचं; कर्नाटकासाठी `X`, मुंबई सोडून बाकीच्या महाराष्ट्रासाठी `Z`. ही अक्षरं मेसेज कुठून सोडला ते दाखवतात, तुमची शाखा कुठं आहे ते नाही. त्यामुळे एकाच खात्याचे मेसेज फोनमध्ये चार-पाच वेगळ्या नावांखाली विखुरतात. २०२५ पासून शेवटी `-T`, `-S`, `-G`, `-P` अशी शेपटीही लागली (व्यवहार, सेवा, सरकारी, जाहिरात), आणि नावांची आणखी एक नवी रांग सुरू झाली. म्हणून मी पाठवणाऱ्याच्या नावानं शोधणं सोडून दिलं. बँक विलीन झाली तरी जुन्या मेसेजमधली रक्कम, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि व्यवहार क्रमांक बदलत नाहीत. शोध तिथूनच धरायचा.

त्यातही एक खोच आहे. फाईलमध्ये प्रत्येक मेसेजची वेळ तेरा आकडी संख्येत असते, त्यामुळे नुसतं `4471` शोधलं की त्या संख्यांत सापडलेले भलतेच मेसेज समोर येतात. बँका खातं `XX4471`, `*4471` असं झाकून लिहितात, तेव्हा आधीचं चिन्हही धरायचं. रकमेतला स्वल्पविराम कुणी देतं, कुणी देत नाही. मी कॉम्प्युटरवर हे असं चालवतो:

```
grep -hE '[Xx*]4471|[^0-9,]18,?640[^0-9]' sms-*.xml |
grep -oE '(address|body|readable_date)="[^"]*"'
```

पाठवणारा, मजकूर आणि वाचता येईल अशी तारीख, एवढंच हाती येतं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी फाईल साध्या एडिटरमध्ये उघडून कंट्रोल-एफ दाबलं तरी चालेल, फक्त वेळ लागतो.

याचा खरा उपयोग निपाणीच्या भाऊजींच्या कामात झाला. घरासाठी कर्ज मागायला गेले तर क्रेडिट रिपोर्टमध्ये जुन्या मोटारसायकलच्या कर्जाचा शेवटचा भरणा, १८,६४० रुपये, थकीत दिसत होता. भाऊजींचं एकच पालुपद, "अरे, मी भागवलंय की ते कवाच!" पावती मात्र नव्हती. ज्या बँकेतून पैसे गेले ती पुढं दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, आणि नव्या बँकेच्या नेटबँकिंगमध्ये विलीनीकरणाआधीचं काहीच दिसेना.

जुना फोन कपाटात होता. सिम न घालता चार्जिंगला लावून सुरू केला, बॅकअप घेतला आणि फाईल केबलनं कॉम्प्युटरवर ओढली. रकमेवर शोधल्यावर दोन मेसेज निघाले. एक खात्यातून पैसे गेल्याचा, जुन्या बँकेच्या नावानं आलेला. नव्या बँकेचं नाव टाकून शोधत बसलो असतो तर तो कधीच सापडला नसता. दुसरा फायनान्स कंपनीनं रक्कम मिळाल्याचा, कर्ज खात्याच्या शेवटच्या आकड्यांसह.

पहिल्यात आयएमपीएसचा बारा आकडी क्रमांक होता, `9074` नं सुरू होणारा. हा क्रमांक वाचता येतो. बहुतेक वेळा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. `9` म्हणजे २०१९, `074` म्हणजे चौऱ्याहत्तरावा दिवस. जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे २८ मिळून ५९, पुढचे १५ मार्चचे. मेसेजची तारीखही १५ मार्च २०१९ च होती. दोन्ही जुळलं म्हणजे आपण योग्य व्यवहारावर बोट ठेवलंय असं समजायचं. यूपीआयचे क्रमांकही बरेचदा याच पद्धतीचे असतात.

शाखेतल्या साहेबांनी मेसेजकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. एक्सएमएल फाईल कुणीही उघडून बदलू शकतो. त्यांनी फक्त क्रमांक आणि तारीख लिहून घेतली आणि मार्च २०१९ चा खातेउतारा शिक्क्यासह काढून दिला. तो उतारा जोडून क्रेडिट ब्युरोकडं तक्रार टाकली. अशी तक्रार तीस दिवसांत निकाली काढावी लागते. २६ एप्रिल २०२४ पासून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. त्या मुदतीतच नोंद दुरुस्त झाली. "२०१९ मध्ये कधीतरी भरले" एवढंच सांगून शाखेत गेलो असतो तर कुणी जुनी दप्तरं उघडली असती असं मला वाटत नाही.

आता सरकारी मेसेजचं. आमच्याकडं ते बरेचदा कन्नडमध्ये येतात, आणि घरातल्या मोठ्यांना कन्नड वाचता येतंच असं नाही. साठ्यात ते नीट उतरतात, पण मराठी शब्द टाकून शोधलं तर अर्थातच काही मिळत नाही. इथंही आकडेच कामाला येतात: अर्ज क्रमांक, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, जमा झालेले २००० रुपये. २००० मध्ये मात्र गृहलक्ष्मी आणि पीएम-किसान दोन्ही सापडतात, तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव बघूनच वेगळं करावं लागतं. पीक विम्याचा अर्ज क्रमांक आला की मी त्याच दिवशी त्या मेसेजचा अर्थ मराठीत वहीत टिपून ठेवतो. दोन हंगामांनी तो कन्नड मजकूर समजून घ्यायला शेजारी कुणी असेलच, याचा भरवसा नाही.

उणिवा सांगतो. बॅकअपची फाईल उघडी असते. तुमच्या सगळ्या व्यवहारांचा माग त्यात आहे, म्हणून ड्राइव्हवर टाकण्याआधी मी ती 7-Zip मध्ये पासवर्ड घालून बंद करतो. आरसीएसवर आलेले मेसेज फोनच्या एसएमएस साठ्यात नसतात, ते या फाईलमध्ये येतीलच असं धरू नका. जुने मेसेज नव्या फोनमध्ये परत टाकायचे तर थोडा वेळ या ॲपलाच मुख्य मेसेज ॲप करावं लागतं, आणि काम झाल्यावर आठवणीनं परत बदलावं लागतं. नुसता साठा ठेवायचा असेल तर परत टाकायची गरजच नाही, फाईल पुरते.

आयफोनवर हे ॲप नाही. आमच्या घरी एक आहे. त्यातले महत्त्वाचे मेसेज सध्या माझ्या फोनवर फॉरवर्ड करून घेतो. त्यात मूळ पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ जाते, ती मजकुराखाली हातानं लिहायला सांगितली आहे.