वजनकाटे की वजन करणारी बाई?

नवजात बाळांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला 10 लाख देणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: 7 लाख पगारातच का? म्हणून दोन अंदाजपत्रकं शेजारी ठेवून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत.

पहिल्यात 7 लाखांचं साहित्य: वजनकाटे, थर्मामीटर, उबदार पिशव्या. पगार कमी. वाटपाचा फोटो छान येतो. पण बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागतं, हे तिसऱ्या दिवशी घरी जाऊन बघायचं कुणी? वर्षभराने काटा कपाटात आणि वजनाची वही कोरी सापडली, तर समजावं की माणसांवरचा खर्च वाचवला गेला.

दुसऱ्यात 7 लाख गावातल्या आरोग्यसेविका आणि त्यांच्या पर्यवेक्षिकांचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत हेच केलं. प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन बाळ तपासत, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाला. हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. औषध स्वस्तच होतं. ते वेळेवर देणारा हात घडवावा लागला.

साहित्य लागतंच, त्याशिवाय सेविका काय करणार? पण माझी देणगी मी दुसऱ्या अंदाजपत्रकाला देईन. पगाराची टक्केवारी विचारण्यापेक्षा विचारा: किती बाळांकडे ठरलेल्या दिवशी भेट झाली, आणि सेविकेची नोंद पर्यवेक्षिकेने पुन्हा तपासली का? भेटीच होत नसतील, तर तो पगार खरंच वाया जातोय.