एक टीबीचा पेनड्राइव्ह आणि ‘फॉरमॅटचा प्रॉब्लेम’

आमच्या गावच्या सप्ताहाची सातही कीर्तनं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं काम माझ्याकडे असतं. दोन तासांचं एक कीर्तन जवळपास 14 जीबी होतं. माझा फोन 128 जीबीचा, तोही अर्धा भरलेला. त्यामुळे रोज रात्री रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर टाकायचं आणि फोनमधून काढायचं, असं ठरवलं.

घरातला जुना 32 जीबीचा ड्राइव्ह ओटीजीने लावला, तर कीर्तन त्यावर जाईचना. जागा रिकामी, तरी नकार. तो FAT32 या फाइल सिस्टीमचा, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीचा होता, आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एका मोबाइलच्या दुकानात हे सांगितलं, तेव्हा दुकानदाराने 1,400 रुपयांना एक टीबीचा पेनड्राइव्ह दिला. “काका, हा exFAT आहे, कितीही मोठी फाइल टाका.” exFAT बद्दल त्याने सांगितलं ते खरंच होतं. बिल मागितलं, तर म्हणाला, सात दिवसांत काही झालं तर बदलून देतो की. एक टीबी 1,400 ला कसा मिळतो, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं.

सहा रात्री सगळं सुरळीत चाललं. कॉपी झाली की मी फाइल उघडून मिनिटभर बघायचो, चालायची, मग फोनमधून काढायचो. इथेच फसलो. नुकतीच लिहिलेली फाइल फोन बऱ्याचदा स्वतःच्याच मेमरीतून दाखवतो. ड्राइव्ह काढून, पुन्हा लावून बघितली असती, तर तिसऱ्याच रात्री कळलं असतं.

काल्याच्या कीर्तनानंतर सगळं उघडून पाहिलं. सातही नावं जागेवर होती, प्रत्येकापुढे आकारही बरोबर होता. पण चालली फक्त पहिली दोन. ती तेवढी पुतण्याच्या लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि दुकान गाठलं.

दुकानदार शांतपणे म्हणाला, “फॉरमॅटचा प्रॉब्लेम आहे काका, NTFS करून देतो.” त्याचे 300 रुपये घेतले. घरी येऊन लावला, तर फोनने ड्राइव्ह सपोर्टेड नाही म्हणून सांगितलं. माझ्यासारख्या बऱ्याच अँड्रॉइड फोनना NTFS वाचता येत नाही. पुन्हा गेलो. “तुमचा फोन जुना,” म्हणत त्याने परत exFAT करून दिला. या हेलपाट्यांत बारा दिवस गेले आणि बदलून द्यायची मुदत संपली. माझ्या मते तो तेवढ्यासाठीच मला फिरवत होता.

शेवटी पुतण्याने H2testw नावाचा फुकट प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवला. तो ड्राइव्हवर ठरावीक माहिती लिहितो आणि तीच परत वाचून बघतो. पूर्ण एक टीबी तपासायला या संथ ड्राइव्हला दीड दिवस लागला असता, म्हणून 64 जीबीच तपासले. दोनेक तासांनी उत्तर आलं:

```
The media is likely to be defective.
```

29 जीबीच्या थोडं आत सगळं बरोबर, पुढचं सगळं गायब. आत 32 जीबीचीच चिप होती. ती चिप चालवणारा कंट्रोलर तेवढा एक टीबी म्हणून खोटं सांगत होता. फोनची सेटिंग असो वा विंडोज, दोघंही त्या कंट्रोलरलाच विचारतात. फॉरमॅट केल्यानेही हे उघड होत नाही, कारण झटपट फॉरमॅट सुरुवातीच्या थोड्या जागेतच लिहितो. फाइलींची नावं आणि आकारही त्या सुरुवातीच्या खऱ्या जागेतच नोंदले जातात. म्हणून यादी शाबूत दिसते आणि आतला मजकूर मात्र कुठेच लिहिलेला नसतो.

तेव्हा दुकानात कोणी ‘फॉरमॅट’ म्हणालं, तर आधी लक्षणं बघा. फाइल सिस्टीम फोनला वाचता येत नसेल, तर लावल्या लावल्या अख्खा ड्राइव्हच दिसत नाही. अशा वेळी फोन ड्राइव्ह सेट करायला सांगतो. आत काही हवं असेल, तर ते बटण दाबू नका, सगळं पुसलं जाईल. FAT32 ची अडचण असेल, तर फक्त मोठी फाइल अडते, लहान फाइली बिनबोभाट जातात. पण सगळं कॉपी होतं, आधीचं चालतं आणि नंतरचं चालत नाही, असं झालं तर फाइल सिस्टीमला दोष देऊ नका. सरळ क्षमता तपासा, आणि तीही घेतल्या दिवशी, ड्राइव्ह रिकामा असताना.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला होता. पहिला प्रश्न बिलाचा आला, आणि माझ्याकडे बिल नव्हतं.

आता बिलासकट 128 जीबीचा घेतलाय, exFAT च. तो आधी पूर्ण भरून तपासला, मगच वापरायला काढला. तिसऱ्या दिवसाच्या कीर्तनकार महाराजांकडे रेकॉर्डिंग मागितलं, तर ते म्हणाले, “मी तुमच्याकडेच मागणार होतो.”