टर्पेंटाइन: काही महिने वापरल्यानंतर

कपड्यांवरचे रंगाचे डाग काढायला टर्पेंटाइनची बाटली आणली, त्याला बरेच महिने झाले. सुरुवातीला कुणी विचारलं असतं तर पैसे वाया गेले असंच सांगितलं असतं. ओला ऑइल पेंट लगेच निघाला, पण सुती पँटच्या गुडघ्यावर वाळून कडक झालेला हिरवा इनॅमल घासून घासून हात दुखले तरी ढिम्म हलेना.

मत बदललं ते कारण कळल्यावर. इनॅमल नुसता सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचं घट्ट जाळं तयार होतं. ते टर्पेंटाइनमध्ये पुन्हा विरघळत नाही, फक्त फुगून सैल पडतं, आणि त्याला वेळ लागतो. मग पँट उलटी केली, डागाखाली जुनं पांढरं फडकं ठेवलं आणि मागच्या बाजूने टर्पेंटाइन टिपत वीसेक मिनिटं डाग ओला ठेवला. रंगाला सुरकुत्या पडल्या की समजायचं, झालं. बोथट सुरीने खरवडलं, तर पापुद्रे सुटून आले. त्यावर पाणी न लावता भांडी घासायचं लिक्विड चोळलं, मग कोमट पाण्याने धुतलं. असं पुन्हा पुन्हा करावं लागलं. विणीत शिरलेली हिरवी झाक मात्र अजून आहे, ती जाईलसं वाटत नाही.

आता तक्रार: वास! दोनदा धुतल्यावरही येतो. तो जाईपर्यंत कपडा उघड्यावर वाळवायचा. टर्पेंटाइनने भिजलेला कपडा मशीनमध्ये किंवा ड्रायरमध्ये टाकला तर पेट घेण्याची भीती असते. ऑइल पेंट पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात फेकायची नाहीत, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवायची.

काटकसर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ब्रश धुतलेलं गढूळ टर्पेंटाइन ओतून देऊ नका. झाकणाच्या काचेच्या बरणीत काही दिवस ठेवलं की रंग तळाशी बसतो. वरचं नितळ हलक्या हाताने दुसऱ्या बरणीत घ्यायचं. पुढच्या वेळी ब्रश धुताना पहिला हात त्याचा, शेवटचा नव्याचा. माझी बाटली अजून संपली नाही ती यामुळेच.

भिंतीच्या पाण्याच्या रंगाला मात्र ही बाटली उघडूच नका. तो ओला असताना गार पाणी आणि साबण पुरे. पाणी उडून गेलं की त्यातले प्लॅस्टिकचे बारीक कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, मग पाणी काही करत नाही. म्हणून लगेच धुता येत नसेल तर कपडा निदान पाण्यात बुडवून ठेवा. वाळलाच, तर सर्जिकल स्पिरिटने तो मऊ पडतो आणि खरवडता येतो. ॲसिटोनही चालतं, पण ॲसिटेटचं अस्तर त्यात विरघळून भोक पडतं. आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून आधी पाहा.