तूर तीच, पैसा तोच, नफा वेगवेगळा: स्टँडर्ड, सरासरी की फिफो?

ईआरपी, म्हणजे खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायला आलेला माणूस एका ठिकाणी थांबून विचारतो, “व्हॅल्युएशन काय ठेवू?” म्हणजे साठ्याची किंमत कुठल्या पद्धतीने धरू? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, “आहे तेच राहू द्या.” पण ‘आहे ते’ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं. `ERPNext` मध्ये न छेडता सोडलं तर `FIFO` लागतं, `Odoo` मध्ये `Standard Price`. म्हणजे ३१ मार्चला नफा किती दिसायचा, हे संचालक मंडळाऐवजी सॉफ्टवेअर ठरवून मोकळं होतं.

यवतमाळ जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी धरू. गावागावांतून तूर घ्यायची, चाळणी मारून पोत्यात भरायची आणि अकोल्याच्या दालमिलला द्यायची. भाव सोयीसाठी मी ठरवलेत. जानेवारीत १०० क्विंटल ७,००० रुपयांनी घेतली, फेब्रुवारीत १०० क्विंटल ७,४०० ने. फेब्रुवारीअखेर १२० क्विंटल ७,७०० ने विकली. मार्चमध्ये पुन्हा १२० क्विंटल ७,८०० ने घेतली आणि १०० क्विंटल ८,००० ने विकली. एकूण खरेदी २३,७६,०००, विक्री १७,२४,०००, आणि गोदामात शिल्लक १०० क्विंटल. इथपर्यंत कुणाचाच वाद नाही. वाद आहे तो त्या १०० क्विंटलच्या किमतीचा.

फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं पुस्तकात धरायचं. प्रत्यक्ष गोदामात नेमकं उलटं होतं, हमाल दाराजवळची थप्पी आधी उचलतो. पण ईआरपीला थप्पीशी देणंघेणं नाही, ते फक्त खरेदीचे थर मोजतं. पहिल्या विक्रीत जानेवारीचे सगळे १०० आणि फेब्रुवारीचे २० क्विंटल गेले, दुसरीत फेब्रुवारीचे उरलेले ८० आणि मार्चचे २०. शिल्लक सगळी मार्चच्या भावाची, ७,८०,०००. विकलेल्या मालाचा खर्च १५,९६,०००, नफा १,२८,०००.

फिरत्या सरासरीत प्रत्येक खरेदीनंतर नवा दर निघतो. फेब्रुवारीच्या खरेदीनंतर तो ७,२०० होता, पहिली विक्री त्याच दराने गेली. उरलेले ८० क्विंटल ७,२०० चे आणि नवे १२० क्विंटल ७,८०० चे, मिळून दर झाला ७,५६०. दुसरी विक्री त्या दराने. शिल्लक ७,५६,०००, नफा १,०४,०००.

स्टँडर्डमध्ये दर आधीच ठरवून टाकायचा, समजा जानेवारीत ७,२००. माल कितीलाही येवो, साठ्यात ७,२०० नेच चढतो; वरचा-खालचा फरक किंमत-फरकाच्या वेगळ्या खात्यात पडतो. आपल्या ३२० क्विंटलवर तो फरक ७२,००० रुपये जास्तीचा आला. खरा प्रश्न असा की या ७२,००० चं वर्षअखेर काय करायचं?

| पद्धत | शिल्लक साठा | नफा |
|---|---|---|
| फिफो | ७,८०,००० | १,२८,००० |
| फिरती सरासरी | ७,५६,००० | १,०४,००० |
| स्टँडर्ड, फरक पूर्ण खर्ची | ७,२०,००० | ६८,००० |
| स्टँडर्ड, फरक वाटून | ७,४२,५०० | ९०,५०० |

पाचवी ओळ मी मुद्दाम लिहिली नाही, पण ती प्रत्यक्षात भेटते: फरकाचं खातं ताळेबंदातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात पडून राहतं, नफा-तोट्याला लागतच नाही, आणि नफा १,४०,००० दिसतो. तो चूक आहे. स्टँडर्ड वापरत असाल तर मार्च बंद करण्याआधी हेच खातं सगळ्यात आधी उघडून बघा. हिशेब मानक २ स्टँडर्ड दराला परवानगी देतं ते तो खऱ्या खर्चाच्या जवळपास असेल तरच. फरक विकलेल्या आणि शिल्लक मालावर वाटला की साठ्याचा दर ७,४२५ होतो, आणि सगळ्या खरेदीची एकत्र काढलेली भारित सरासरीही तेवढीच निघते. मग तुरीसारख्या महिन्यागणिक भाव बदलणाऱ्या मालाला स्टँडर्ड लावून शेवटी सरासरीवरच यायचं, तर मधली मेहनत कशाला, असं मला वाटतं. बारदाना, सुतळी, लेबल यांना स्टँडर्ड चालतो. स्वतःची दालमिल असेल आणि डाळीच्या उताऱ्यावर नजर ठेवायची असेल, तर तिथेही तो कामाचा आहे.

सभेत हे आकडे मांडले की एखादा सभासद विचारतोच, “माल तोच, पैसा तोच, मंग नफा कसा काय बदलते?” बदलत नाही, एका वर्षातून दुसऱ्यात सरकतो. एप्रिलमध्ये ते शिल्लक १०० क्विंटल ७,९०० ने विकले, तर फिफोत नवा नफा १०,०००, सरासरीत ३४,०००, आणि फरक खर्ची टाकलेल्या स्टँडर्डमध्ये ७०,०००. मागचा मिळवून तिन्हीकडे बेरीज १,३८,०००. पण मधे ३१ मार्च असतो: कर त्या दिवशीच्या नफ्यावर बसतो आणि सभासदांना किती वाटायचं हेही त्यावरच ठरतं. चढत्या बाजारात फिफो आधी नफा दाखवतो, आणि त्यावर कर भरायचा तो पैसा अजून पोत्यात असतो.

पडत्या बाजारात चित्र वेगळं. साठा खर्च आणि निव्वळ विक्रीमूल्य यांपैकी कमी असेल त्या दराने धरावा लागतो. मार्चअखेर भाव पडला आणि गाडीभाडं-हमाली वजा जाता ७,५०० च मिळतील असं दिसलं, तर फिफोचा साठा ३०,००० ने खाली येतो, सरासरीचा ६,००० ने. दोन्हीकडे नफा ९८,०००. फिफो आणि सरासरी यांतला फरक तिथे पुसून जातो. फक्त हे ईआरपी आपणहून करत नाही. नोंद हाताने घालावी लागते.

आता गावाकडची खरी अडचण. खरेदी केंद्रावर नेट गेलं की काटापट्ट्या वहीत राहतात आणि सोमवारी मागच्या तारखेने चढतात. फिफोत अशी एक पट्टी मधे घुसली की पुढचे सगळे थर सरकतात. `ERPNext` त्यासाठी `Repost Item Valuation` चालवून सगळे दर पुन्हा मोजतं, आणि छापून दिलेल्या फेब्रुवारीच्या अहवालातला नफा मार्चमध्ये वेगळा दिसू लागतो. सरासरीतही पुढचे दर बदलतात, पण फरक सगळ्या साठ्यावर पसरत असल्यामुळे एकाच विक्रीवर सहसा कमी येतो. सरासरीचं दुखणं वेगळं आहे: खरेदी चढण्याआधी विक्री चढली आणि साठा उणे गेला, तर सिस्टिम हाताशी असलेला जुना दर लावते आणि पुढचा दर वेडावाकडा होतो. ७,००० ते ७,८०० मध्येच खरेदी असताना दर ८,३०० दिसला, की समजा साठा कधीतरी उणे गेला होता. म्हणून `Allow Negative Stock` बंदच ठेवा, हंगामात आरडाओरड झाली तरी.

माझा कौल असा: सगळ्यांची तूर एकाच ढिगात मिसळत असेल, तर फिरती सरासरी. प्रत्येक लॉट वेगळा, थप्पीला नंबर, गोदाम पावती वेगळी, असं असेल तर फिफो. चालू पद्धत बदलायची असेल तर १ एप्रिलला, शिल्लक शून्याच्या जवळ असताना बदला, आणि बदलामुळे नफ्यावर किती परिणाम झाला तो आकडा सीएकडून ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये लिहून घ्या. हिशेब मानक ५ तो मागतंच.